पाच हजार, आणि एक बसलेला केक

पाच हजार झाले म्हणे. मला कळलं ते आमच्या धाकट्यामुळे, मी ओट्यावर पीठ चाळत होते आणि तो फोन घेऊन आला, आई तुझे पाच हजार झाले. मला आधी वाटलं लाईटबिल आलं. मग बघितलं तर खरंच पेजवर पाच हजार फॉलोअर्स, म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत जेवढी माणसं राहतात त्याच्या कितीतरी पट माणसं, आणि त्यातली बरीच अशी की ज्यांनी माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही आणि बहुतेक खाणारही नाहीत कारण ती नांदेडला नाहीतर दुबईला राहतात. तरी रोज येऊन बघतात. तर आधी थँक्यू. अगदी मनापासून.

खरं सांगायचं तर माझ्या ऑर्डरी येतात त्या पन्नास-साठ घरांतूनच. तीच घरं, त्यांचेच वाढदिवस, ह्या वर्षी सहावा म्हणजे पुढच्या वर्षी सातवा हे मला त्यांच्या आईआधी आठवतं. त्यामुळे पाच हजार हा आकडा बघून छाती फुगली वगैरे नाही, जरा लाजल्यासारखंच झालं. पोरगं म्हणालं गिव्हअवे कर, सगळे करतात. मी म्हटलं, एक केक द्यायचा आणि चार हजार नऊशे नव्व्याण्णव जणांना नाराज करायचं, ह्यात कसला आनंद. त्यापेक्षा सगळ्यांना देता येईल असं काहीतरी देते. गेल्या श्रावणात माझा एक गुळाचा केक बसला होता, जुन्या लोकांना आठवत असेल, तो फोटो मी टाकला होता आणि त्या एका फोटोने मला जेवढं शिकवलं तेवढं क्लासच्या फीने पण नाही शिकवलं. त्याची सगळी गोष्ट आणि शेवटी हाताला बसलेलं प्रमाण, हेच माझं गिव्हअवे समजा.

तर झालं असं. एका ओळखीच्या घरी आजोबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. श्रावण, त्यामुळे अंडं नको, मैदा नको असं सूनबाईंचं म्हणणं, आणि आजोबांची एकच अट की गुळाचा पाहिजे. आजोबा स्वतः एकेकाळी गुळाच्या व्यापारात हिशेब लिहायचे. कोल्हापुरात गुळाचा केक करून द्यायचा आणि तो पण अशा माणसाला, म्हणजे तालमीतल्या वस्तादासमोर जोर मारून दाखवण्यातला प्रकार. पण मी हा केक हिवाळाभर केला होता, गव्हाचं पीठ, गूळ, दही, तेल, काही अवघड नाही. एक किलोची ऑर्डर, अर्ध्या किलोचे दोन टिन करून एकावर एक ठेवायचे ठरवलं.

ऑर्डरच्या दिवशी सकाळपासून पाऊस. रंकाळ्याकडून वारं असं येत होतं की खिडकी लावली तरी पडदा हलायचा. मी गूळ किसायला घेतला तर तो किसलाच जाईना, किसणीला चिकटून बसला, नुसता चिखल. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण घाई होती, चमच्याने खरवडला, वजन केलं, बरोबर तेवढाच घेतला, दुधात नाही बरं का, कोमट पाण्यात विरघळवला, गाळला. बॅटर तयार झालं, सोडा-पावडर घातलेली, टिनमध्ये ओतलं, ओव्हन गरम व्हायला लावला आणि लाईट गेली.

दहा मिनिटं वाट बघितली. वीस मिनिटं. शेजारच्या वहिनींनी ओरडून सांगितलं की कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी पडलीय तारेवर. चाळीस मिनिटांनी लाईट आली. तोपर्यंत बॅटरवरचे बुडबुडे फुटून गेलेले, वरचा भाग सपाट, कसा तर थंड झालेल्या पिठल्यासारखा. आणि इथे मी ती गोष्ट केली जी घाबरलेला माणूस करतो. दोन्ही टिनमध्ये अजून पाव-पाव चमचा सोडा भुरभुरवला आणि हलवून ओव्हनमध्ये सरकवले.

पहिली वीस मिनिटं केक इतका सुंदर फुगला की मी देवाला नमस्कार केला. पंचविसाव्या मिनिटाला काचेतून बघते तर मधोमध खड्डा पडायला लागलेला. बाहेर काढला तेव्हा कडा उंच, मध्ये तळं. रंग गुळाचा तांबूस असतो तसा नाही, काळपट लालसर, आणि कापून खाल्ला तर जिभेवर साबण. धुण्याच्या वडीला चुकून जीभ लागली तर कसं होईल, तसं. आणि तळाला बोटभर जाडीचा एक दाट ओलसर पट्टा, शिरा थिजल्यासारखा.

तो केक अर्थातच दिला नाही. सूनबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या असू दे, आम्ही पेढे आणतो. पैसे परत केले. आजोबा काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. रात्री मग कापलेल्या केकचा फोटो काढला आणि पेजवर टाकला, खाली लिहिलं की हा आज बसला, का बसला कुणाला कळतंय का. माझे तेव्हा जेमतेम अकराशे फॉलोअर्स होते.

आणि तुम्ही काय काय लिहिलंत! कुणी म्हटलं ओव्हन मध्येच उघडला असशील. कुणी म्हटलं टिन लहान. एका मावशींनी लिहिलं नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळ. दोघी बेकर मैत्रिणींनी लिहिलं सोडा जास्त. एकाने लिहिलं की गव्हाच्या पिठाचा केक असाच होतो, मैदा वापरा आणि सुखी व्हा. सगळं वाचून डोकं अजूनच गरगरायला लागलं, कारण प्रत्येकजण एकच कारण सांगत होता आणि माझ्या केकमध्ये दोष होते तीन. खड्डा, साबणाची चव आणि तळाचा पट्टा. तिन्हीला एकच कारण असेलच असं कुठं आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी एक उद्योग केला. अर्ध्या किलोचं बॅटर पुन्हा तसंच्या तसं केलं, त्याच गुळाचं, आणि तीन स्टीलच्या वाट्यांत सारखं सारखं भरलं. पहिली वाटी लगेच ओव्हनमध्ये. दुसरी ओट्यावर चाळीस मिनिटं ठेवून मग भाजली. तिसरी पण चाळीस मिनिटं ठेवली आणि भाजायच्या आधी त्यात चिमूटभर सोडा वरून घातला, काल घातला होता त्या हिशेबाने. लहान वाट्या, त्यामुळे वीस-बावीस मिनिटांत प्रत्येक झाली.

पहिली वाटी वर छान घुमटासारखी फुगलेली, चव गुळाची, स्वच्छ. दुसरी फुगलीच नाही, सपाट, दाबली तर घट्ट, पण चव चांगली, नातवाला चहात बुडवून द्यावी अशी. तिसरी आधी फुगली, मग खचली, काळपट झाली आणि साबण. म्हणजे वाट बघण्याने केक नुसता घट्ट झाला असता. खड्डा आणि साबण ही माझ्या घाबरटपणाची करणी.

ह्याचं कारण साधं आहे, आपण रोज ढोकळ्यात बघतो तेच. सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की लगेच गॅस सोडतो, उद्या करू परवा करू असं नसतं त्याचं. बेकिंग पावडर जरा समजूतदार, तिचा थोडा जोर ओव्हनच्या उष्णतेसाठी राखून ठेवलेला असतो, पण सोड्याचा जवळजवळ सगळा जोर ओट्यावरच सुरू होतो. चाळीस मिनिटांत तो हवेत गेला. तोपर्यंत दह्यातला बराच आंबटपणा पण त्या पहिल्या सोड्याने वापरून टाकलेला. मग मी वरून जो सोडा घातला त्याला भेटायला कुणी उरलंच नाही. तो उष्णतेने फुटला, एकदम भसकन गॅस सोडला, केक शिजून घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटले आणि मधला भाग खाली बसला. आणि सोडा असा एकटा तापला की मागे राहतो तो धुण्याच्या सोड्याचाच भाऊ, त्याची चव साबणासारखी लागणारच, आणि त्या खारामुळे केक जास्त काळवंडतो. म्हणून रंग बघून पण कळतं. गुळाचा केक तांबूस-तपकिरी दिसला पाहिजे. लालसर काळा दिसला आणि वास नाकाला जरा झोंबला तर चव बघायच्या आधीच समजा, सोडा उरलाय.

तेव्हापासून माझा नियम असा की सोडा कोरड्या पिठात चाळून ठेवायचा आणि ओलं-कोरडं एकत्र करायचं ते ओव्हन गरम झाल्यावर, टिनला कागद लावून झाल्यावर, फोन सायलेंटवर टाकल्यावर. एकत्र केल्यापासून पाच-सात मिनिटांत टिन आत. मध्येच लाईट गेलीच तर सोडा वाढवायचा नाही, सरळ कढईत मीठ घालून कढई तापवायची, वर स्टँड ठेवून गॅसवर भाजायचा. रंग जरा कमी येतो वरून पण केक वाचतो. बारीक फांद्या पडण्याचे दिवस असले की मी आता कढई आधीच काढून ठेवते.

पण तिसरी भानगड राहिलीच. तो तळाचा ओला पट्टा. तो पहिल्या वाटीत पण होता की! लगेच भाजलेल्या, व्यवस्थित फुगलेल्या वाटीत पण तळाला पाव बोट दाट थर. म्हणजे ह्याचा लाईटशी संबंध नाही. हिवाळाभर ह्याच प्रमाणाने केक केले, कधी आला नाही. मी ओव्हनची खालची रॉड बघितली, टिन बदलले, पाच मिनिटं जास्त भाजून बघितलं, तर वरून कोरडा आणि खाली पट्टा तसाच. त्या वाट्यांचा फोटो पण टाकला. आणि त्याच्याखाली एका काकूंची कमेंट आली.

ह्या काकू करवीर तालुक्यातल्या एका गावात राहतात, घरचं गुऱ्हाळ आहे. प्रोफाइलला फोटो नाही, जोतिबाचा आहे. त्यांनी लिहिलेलं, सुनेकडून टाईप करून घेतलेलं असणार, ते मी जसंच्या तसं देते: "आगं पोरी गूळ पावसाळ्यात पाणी पितो. वजनावर काय जातीस, पाक बघ की."

एवढंच. मी तीनदा वाचलं.

मग एका वाटीत शंभर ग्रॅम गूळ घेतला आणि झाकण न लावता ओट्यावर ठेवून दिला. पाच दिवसांनी वजन केलं तर एकशे सहा. वाटीच्या तळाशी काळसर पाझर. म्हणजे मी जेव्हा पावसाळ्यात "१३० ग्रॅम गूळ" मोजत होते तेव्हा त्यात गूळ कमी आणि श्रावणातला पाऊस जास्त होता. साखरेचं असं होत नाही कारण ती कोरडी, दाणेदार आणि जवळजवळ एकाच प्रकारची. गुळात उसाच्या मूळ साखरेशिवाय फुटलेली साखर पण असते आणि खनिजं-क्षार पण, हे सगळं हवेतलं पाणी ओढतं. आणि हंगाम बघा. गुऱ्हाळं पेटतात दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला थंडावतात, म्हणजे श्रावणात आपण खातो तो गूळ निदान चार-पाच महिन्यांचा जुना. आपल्या आज्या गुळाची ढेप कापडात बांधून वर पुन्हा डब्यात का ठेवायच्या ते मला एवढ्या वर्षांनी कळलं. नुसती मुंग्यांची भीती नव्हती ती.

त्या जास्तीच्या पाण्याचं केकमध्ये काय होतं तर बॅटर पातळ होतं, गव्हाच्या पिठातला कोंडा जड, तो आणि पीठ तळाला बसतं, आणि तिथे पाणी इतकं असतं की भाजण्याऐवजी ते शिजतं, उकडीसारखं. तोच तो पट्टा.

आता उपाय. दूध कमी घालावं हे कुणालाही सुचेल, पण किती कमी? आजचा गूळ किती पाणी प्यायलाय हे कसं कळणार? इथे काकूंचं दुसरं वाक्य कामाला आलं. पाक बघ. गुऱ्हाळात गुळव्या काय करतो, त्याच्याकडे कुठे वजनकाटा असतो. काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी काढत असतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती वर आणतात, चुलवाणात चिपाडं ढकलत असतात, आणि गुळव्या नुसता फेसाकडे आणि धारेकडे बघत उभा. आधी काकवी होते, अजून उकळली की गूळ. उकळता पाक किती गरम आहे ह्यावरून त्यात पाणी किती राहिलंय ते ठरतं, मग सुरुवातीला पाणी कितीही असू दे. पाणी उडत गेलं की उकळी जास्त जास्त गरम होत जाते. गुळव्या ते डोळ्यांनी वाचतो, मला ती दृष्टी नाही, माझ्याकडे सहाशे रुपयांचा थर्मामीटर आहे.

म्हणजे मी काय करायचं, तर गुळाची परत काकवी करायची! ठरलेल्या एका तापमानाला उतरवली की जानेवारीचा कोरडा गूळ असो की श्रावणातला पाझरलेला, पाकातला गोडवा आणि पाणी ह्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच येणार.

एक गोम आहे फक्त. आधी आपल्या थर्मामीटरने साधं पाणी उकळून बघा. पुस्तकात १०० लिहिलेलं असतं पण माझ्याकडे पाणी ९८ लाच उकळतं, कारण कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. म्हणून मी आकडा धरत नाही, फरक धरते. पाणी जिथे उकळतं त्याच्या सहा डिग्री वर, म्हणजे माझ्याकडे १०४, तिथे गॅस बंद. त्या वेळी पाकात साधारण तीन भाग गोड आणि एक भाग पाणी असतं.

आता प्रमाण लिहिते, अर्ध्या किलोच्या सहा इंची टिनचं. दोनशे ग्रॅम गूळ अर्ध्या कप पाण्यात मंद गॅसवर विरघळवायचा, गाळून घ्यायचा (गाळाच, तळाशी चिपाडाचे कण आणि बारीक रेती निघते, कितीही चांगला गूळ असला तरी), मग जरा मोठ्या भांड्यात उकळायचा, मोठ्या म्हणजे खरंच मोठ्या, कारण तो फेसाळून ओट्यावर येतो आणि वाळलेला पाक खरवडण्यात दुपार जाते. १०४ ला बंद. पूर्ण कोमट होऊ द्यायचा, बोट सहज बुडवता आलं पाहिजे. त्यातला १६० ग्रॅम पाक वजन करून घ्यायचा, उरलेला बाटलीत भरा, भाकरीबरोबर संपतो. ह्या १६० मध्ये पूर्वीच्या १३० ग्रॅम चांगल्या गुळाएवढा गोडवा आहे आणि चाळीसेक ग्रॅम पाणी आहे, म्हणून दूध जे मी साठ मिली घालत होते ते पंचवीसवर आणलं.

पाक, दीडशे ग्रॅम ताजं दही, पंचाहत्तर ग्रॅम तेल आणि ते पंचवीस मिली दूध एकत्र फेटायचं. पाक गरम असताना दूध-दही लावू नका, नासतं, गुळाच्या खिरीत आपण गूळ शेवटी गॅस बंद करून घालतो तेच कारण. दुसऱ्या भांड्यात दीडशे ग्रॅम गव्हाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा सपाट चमचा सोडा, चिमूट मीठ, वेलची, दोनदा चाळून. चमचा म्हणजे मोजायचा पाच मिलीचा, चहाचा घरातला नव्हे, आमच्याकडच्या दोन चहाच्या चमच्यांत दीडपट फरक निघाला. सोड्याचं गणित असं की पाऊण वाटीच्या आसपास दह्याला अर्धा चमचा पुरतो, त्याच्यावर गेलात की साबणाची वाट धरली. मग ओलं कोरड्यात ओतायचं आणि पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गव्हाचं पीठ जास्त फेटलं की पोळीच्या कणकेसारखं चिवट होतं. १७० वर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

झाला की नाही हे बघताना नुसत्या सुईवर जाऊ नका, गुळाचा केक झाला तरी सुईला जरा चिकटतो आणि मग आपण उगाच अजून दहा मिनिटं ठेवून तो वाळवतो. मी मध्यभागी थर्मामीटर घालते, ९६ दाखवला की बाहेर. थर्मामीटर नसेल तर बोटाने हलकं दाबा, खड्डा लगेच भरून आला आणि कडेने केक टिनपासून सुटला असेल तर झाला.

पट्टा त्या दिवसापासून आलेला नाही. एकदा आला, पण तेव्हा मी पाक कोमट व्हायची वाट बघितली नव्हती, ती चूक माझी.

अजून एक, गुळाच्या रंगाबद्दल. सुरुवातीला मी लक्ष्मीपुरीत जाऊन पिवळाधमक गूळ निवडून आणायचे, फोटोत छान दिसतो म्हणून. काकूंनी त्यावर पण झापलं. काही ठिकाणी रस उकळताना हायड्रॉस नावाची पावडर घालतात, त्याने गूळ सोनेरी दिसतो, पण ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत तो रंग उतरून काळपट व्हायला लागतो. आता मी तांबूस, थोडा काळसरच घेते आणि आधी एक खडा जिभेवर ठेवते. खारट लागला तर परत. २०१४ मध्ये आपल्या कोल्हापुरी गुळाला जीआय मिळालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी कॉलर ताठ केली होती, पण दुकानातला समोरचा खडा चाखून घ्यायचा कंटाळा करू नये एवढं मी शिकले.

आणि हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं म्हणून इथेच सांगते. गुळाचा केक शुगरवाल्यांना चालतो का? नाही चालत. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, उसाचीच. चवीसाठी खा, गावच्या आठवणीसाठी खा, पण पथ्याचा म्हणून आजोबांना दोन तुकडे देऊ नका. ह्यामुळे माझ्या ऑर्डरी कमी होतात हे मला माहीत आहे.

त्या आजोबांचं राहिलंच. ह्या वर्षी त्यांच्या शहात्तराव्याला सूनबाईंचा फोन आला, परत गुळाचाच, मी म्हटलं खात्री आहे का तुमची, त्या म्हणाल्या बाबांनीच सांगितलंय, पोरीनं खरं सांगून पैसे परत दिले तर एक संधी बनते. पोरगी कसली, माझी चाळिशी उलटली, पण ऐकायला बरं वाटलं. केक गेला, अख्खा संपला असं कळलं, आजोबांनी फक्त विचारलं म्हणे, गूळ कुठला.

तर आता हळूच जाहिरात, रागवू नका. गुळाचा केक अर्धा आणि एक किलोमध्ये मिळेल, अर्धा किलो ३८० रुपये. दीड दिवस आधी सांगा कारण पाक आदल्या रात्री करून ठेवते. त्यावर क्रीम लावून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी, क्रीमला फ्रिज लागतो आणि फ्रिजमध्ये हा केक दगडासारखा होतो. पावसाळ्यात बाहेर दोन दिवस टिकतो, थंडीत तीन-चार. फ्रिजमध्ये ठेवलाच तर खायच्या आधी तासभर बाहेर काढा. गणपतीच्या आठवड्यात फक्त पंधराच ऑर्डर घेणार, ओव्हन एकच आहे आणि माणूस पण एकच आहे. घरून न्यावा लागेल, डिलिव्हरी नाही, आमच्या ह्यांना स्कूटरवर केक धरायला लावला होता एकदा, ती गोष्ट परत कधीतरी. मेसेज करा, ऑर्डर नसली तरी करा, तुमचा केक बसला असेल तर फोटो पाठवा, मला जेवढं कळतं तेवढं सांगते.

काकूंनी आजवर एकदाही ऑर्डर दिलेली नाही. पण जानेवारीत गुऱ्हाळ चालू असताना त्यांच्या मुलाबरोबर एक किलोचा स्टीलचा डबा पाठवला, काठोकाठ ताजी काकवी, अजून कोमट. पैसे विचारले तर तो म्हणाला, आईनं सांगितलंय डबा तेवढा परत द्या. डबा रिकामा कसा देणार. धुतला, पुसला, त्याच काकवीचा केक केला, गोल डब्यात बसेल असा कडेने कापून घातला आणि पाठवून दिला.

दोन दिवस काहीच नाही. मी दर तासाला फोन बघतेय. तिसऱ्या दिवशी जोतिबाच्या फोटोखालून मेसेज आला.

"बरा झालाय. वेलची कमी घाल."

घालते.

पाच हजार जणांना परत एकदा थँक्यू. ओव्हनची बेल वाजली, जाते.